उत्पादन घटले की प्रति नग खर्च का उसळतो: कॉस्टिंग शीटमधला दर महिन्याचा घोळ

लहान कारखान्याच्या कॉस्टिंग शीटबद्दलची तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. कच्च्या मालाचा भाव तोच, मजुरीचा दर तोच, भाडेही तेच, तरीही एका महिन्यात एखाद्या वस्तूचा प्रति नग खर्च ४२ येतो आणि पुढच्या महिन्यात ५२. शीट सांभाळणारी व्यक्ती सूत्रे तपासते आणि तिला चूक सापडत नाही. पुढच्या महिन्यात आकडा पुन्हा खाली येतो, विषय मागे पडतो आणि मंदीचा महिना आला की तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. सूत्रात चूक सापडत नाही, कारण बहुतेक वेळा चूक सूत्रात नसतेच. ती भागाकाराच्या खालच्या आकड्यात असते. तो आकडा दर महिन्याला बदलत राहतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हे एका उदाहरणावरून पाहू. गणित कोणत्याही चलनात तेच राहते, म्हणून रकमांपुढे चलन लिहिलेले नाही. एका कारखान्यात दोन वस्तू तयार होतात. पहिली पत्र्याचा ब्रॅकेट, ज्याला प्रेसवर ३ मिनिटे आणि कामगाराची ३ मिनिटे लागतात, म्हणजे दोन्ही ०.०५ तास. दुसरी वस्तू स्टँड. त्याला मशीनवर ६ मिनिटे, म्हणजे ०.१० तास, पुरतात, पण हाताने जोडणी करायला २१ मिनिटे, म्हणजे ०.३५ तास, जातात. कच्चा माल ब्रॅकेटला २० आणि स्टँडला १२० लागतो. मजुरी तासाला १०० पडते. वीज, तेल यांसारखा मशीन चालेल तसा वाढणारा खर्च मशीन-तासाला ४० आहे. उरलेले ओव्हरहेड, म्हणजे भाडे, घसारा, देखभालीचा करार आणि सुपरवायझरचा पगार, महिन्याला १,५०,००० आहे आणि मशीन चालो वा न चालो, ते तेवढेच राहते.

चांगल्या महिन्यात ८,००० ब्रॅकेट आणि १,००० स्टँड तयार होतात. मशीनचे ४०० आणि १०० मिळून ५०० तास लागतात, त्यामुळे स्थिर ओव्हरहेड तासाला ३०० पडते. ब्रॅकेटवर त्यातले १५ आणि स्टँडवर ३० बसतात. सर्व मिळून ब्रॅकेटचा खर्च २० + ५ + २ + १५ = ४२ होतो आणि स्टँडचा १२० + ३५ + ४ + ३० = १८९. हे आकडे नगसंख्येने गुणले की ३,३६,००० आणि १,८९,००० मिळून ५,२५,००० होतात. खतावणीतला खर्चही तितकाच निघतो: माल २,८०,०००, मजुरी ७५,०००, चल ओव्हरहेड २०,००० आणि स्थिर १,५०,०००. दोन्ही बाजू जुळल्या की शीट बरोबर आहे असे सर्वजण मानतात आणि घोळाची सुरुवात इथेच होते.

मंदीच्या महिन्यात ५,००० ब्रॅकेट आणि ५०० स्टँड तयार झाले. मशीन-तास २५० आणि ५० मिळून ३०० झाले आणि शीटने १,५०,००० ला ३०० ने भागले. स्थिर ओव्हरहेडचा दर तासाला ५०० झाला. ब्रॅकेट ४२ वरून ५२ वर गेला आणि स्टँड १८९ वरून २०९ वर. ब्रॅकेट तयार करण्याच्या पद्धतीत मात्र काहीही बदललेले नव्हते. वाढलेले दहा हे ब्रॅकेटचा खर्च नव्हेतच. रिकाम्या उभ्या राहिलेल्या मशीनचे भाडे आणि घसारा शीटने तयार झालेल्या नगांच्या डोक्यावर टाकले होते.

यातून होणारे नुकसान फक्त कागदावरचे नसते. बाजारात ब्रॅकेटला ४५ मिळत असतील, तर ५२ हा आकडा पाहून मालक एक तर भाव वाढवतो किंवा कमी भावाची ऑर्डर नाकारतो. दोन्ही प्रकारे पुढच्या महिन्यात मशीन-तास आणखी घटतात आणि शीट त्याहून मोठा खर्च दाखवते. मशीन रिकामी असताना ज्या ऑर्डरने भाड्याचा काही भाग तरी भरून निघाला असता, ती ऑर्डर शीट नेमकी त्याच वेळी तोट्याची ठरवते.

दुरुस्ती सुरू करण्याआधी एक चाचणी करावी, कारण ती केल्याशिवाय बिघाड कुठे आहे हे कळत नाही. शीटमधला प्रति नग खर्च त्या महिन्याच्या नगसंख्येने गुणावा आणि त्याची बेरीज खतावणीतल्या उत्पादन खर्चाशी ताडून पाहावी. मात्र ही चाचणी एका महिन्यावर थांबवू नये. एक भरगच्च महिना आणि एक मंद महिना घेऊन दोन्हीकडचा फरक लिहून काढावा. आपल्या उदाहरणात भरगच्च महिन्यात फरक शून्य होता. मंदीच्या महिन्यात शीटची बेरीज २,६०,००० आणि १,०४,५०० मिळून ३,६४,५०० आली, तर खतावणीत माल १,६०,०००, मजुरी ७५,०००, चल ओव्हरहेड १२,००० आणि स्थिर १,५०,००० मिळून ३,९७,००० दिसत होते. फरक ३२,५०० चा होता. म्हणजे स्थिर ओव्हरहेड पूर्ण वाटून, नगाचा खर्च फुगवूनही शीट खतावणीशी जुळत नव्हती.

हे ३२,५०० मजुरीतले आहेत. शीट मजुरी मोजते ती कामाच्या वेळेला दराने गुणून, आणि मंदीच्या महिन्यात ती वेळ ब्रॅकेटची २५० आणि स्टँडची १७५ मिळून ४२५ तास झाली. कामगार मात्र मासिक पगारावर होते आणि ७५,००० पूर्ण द्यावे लागले. दर तासाला १०० ठरला होता तोच मुळी महिन्याला ७५० तास काम मिळेल असे गृहीत धरून. न मिळालेल्या ३२५ तासांचा पगार शीटमध्ये कुठेच आला नाही. मजुरीला प्रत्यक्ष खर्च म्हणायची सवय असल्यामुळे ती उत्पादनाबरोबर आपोआप कमी होते असे आपण समजतो. पगार मासिक असेल तर ती भाड्यासारखीच वागते, आणि कॉस्टिंग शीट लिहिताना ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा विसरली जाते असे माझे निरीक्षण आहे.

मंद महिन्यात फरक वाढतो आणि भरगच्च महिन्यात नाहीसा होतो, तेव्हा दोष रिकाम्या क्षमतेच्या खर्चाचा असतो. याउलट उत्पादन वाढेल तसा फरकही वाढत असेल, तर प्रति नग घेतलेला एखादा आकडा, बहुधा कच्च्या मालाचा, कमी धरला गेलेला असतो. ब्रॅकेटचेच घ्या. तयार ब्रॅकेट काट्यावर ठेवला तर ०.३२ किलो भरतो आणि पत्रा किलोला ५० असेल तर माल १६ चा झाला असे वाटते. पण एका ब्रॅकेटसाठी पत्रा कापला जातो ०.४२ किलो, म्हणजे २१ चा. कापताना उरलेले ०.१० किलो भंगार किलोला १० ने विकले जाते, त्याचे १ परत येते आणि खरा माल २० चा ठरतो. शीटमध्ये १६ लिहिले असते, तर ८,००० नगांच्या महिन्यात ३२,००० आणि ५,००० नगांच्या महिन्यात २०,००० चा फरक पडला असता. रक्कम जवळपास तितकीच दिसली तरी दोन्ही बिघाडांची दिशा उलटी असते, म्हणूनच दोन महिने शेजारी ठेवून पाहायचे. नाकारलेल्या नगांचेही तसेच आहे: भागाकार विकण्याजोग्या नगांनी करावा, प्रेसमधून पडलेल्या सर्व नगांनी नव्हे.

आता मूळ दुरुस्तीकडे वळू. स्थिर ओव्हरहेडला त्या महिन्याच्या प्रत्यक्ष तासांनी न भागता सामान्य क्षमतेच्या तासांनी भागावे. ही कोणा हिशेबनिसाची वैयक्तिक पसंती नाही. आंतरराष्ट्रीय लेखा मानक २, जे साठ्याच्या मूल्यांकनाबद्दल आहे, हेच सांगते: स्थिर उत्पादन ओव्हरहेड सामान्य क्षमतेच्या आधारे वाटावे, उत्पादन कमी झाले किंवा यंत्रे रिकामी राहिली म्हणून प्रत्येक नगावरचा वाटा वाढवू नये, आणि न वाटले गेलेले ओव्हरहेड ज्या काळात झाले त्याच काळाचा खर्च म्हणून दाखवावे. उत्पादन असाधारण जास्त झाले असेल तर मात्र प्रति नग वाटा कमी करावा लागतो, नाहीतर साठा प्रत्यक्ष खर्चापेक्षा महाग दिसेल.

सामान्य क्षमता म्हणजे मशीन जास्तीत जास्त किती चालू शकते हा आकडा नव्हे, आणि मागच्या महिन्यात किती चालली हाही नव्हे. अनेक महिने किंवा हंगाम मिळून, नियोजित देखभालीचा वेळ वजा करून, सरासरीने किती उत्पादन अपेक्षित आहे तो हा आकडा. आपल्या कारखान्यात दोन प्रेस २५ दिवस रोज १२ तास उपलब्ध असतात, म्हणजे ६०० तास. त्यातून देखभाल आणि डाय बदलण्याचे १०० तास गेले की ५०० उरतात. हा आकडा मागच्या बारा महिन्यांच्या नोंदींशी ताडून पाहावा. सरासरी ४८० ते ५१० च्या आसपास असेल तर ५०० योग्य आहे. ती ३८० असेल, तर ५०० ही क्षमता नसून इच्छा आहे आणि तिच्यावर बेतलेला प्रति नग खर्च खोटा स्वस्त दिसेल.

शीटची मांडणी साधी ठेवता येते. वर्षाच्या अंदाजातून काढलेले महिन्याचे स्थिर ओव्हरहेड B2 मध्ये, सामान्य मशीन-तास B3 मध्ये, चल ओव्हरहेडचा दर B4 मध्ये आणि मजुरीचा दर B5 मध्ये लिहावा. आठव्या ओळीत ब्रॅकेट आणि नवव्या ओळीत स्टँड घेऊन B स्तंभात माल, C मध्ये मशीन-तास, D मध्ये मजूर-तास आणि E मध्ये त्या महिन्याचे नग भरावेत. प्रति नग खर्चाचे सूत्र F8 मध्ये असे येईल:

```
=B8+D8*$B$5+C8*$B$4+C8*$B$2/$B$3
```

डॉलरची चिन्हे शोभेसाठी नाहीत. ती गाळून सूत्र खाली ओढले, तर नवव्या ओळीत प्रत्येक संदर्भ एक घर खाली सरकतो. मजुरीचा दर रिकाम्या B6 मधून घेतला जातो, चल ओव्हरहेडच्या जागी मजुरीचा दर येतो आणि स्थिर ओव्हरहेडच्या जागी ५०० भागिले ४०. स्टँडचा खर्च १८९ ऐवजी १३१.२५ दिसतो. शीट कोणतीही त्रुटी दाखवत नाही, आकडाही अशक्य वाटत नाही, आणि म्हणूनच तो कित्येक महिने तसाच राहू शकतो.

यानंतर प्रत्यक्ष दिलेली मजुरी B12 मध्ये आणि खतावणीतले त्या महिन्याचे स्थिर ओव्हरहेड B13 मध्ये लिहून तीन तपासणी सूत्रे घालावीत. पहिले नगांवर बसलेला एकूण खर्च देते, दुसरे न वाटले गेलेले ओव्हरहेड आणि तिसरे रिकाम्या वेळेची मजुरी.

```
=SUMPRODUCT(E8:E9,F8:F9)
=B13-SUMPRODUCT(C8:C9,E8:E9)*B2/B3
=B12-SUMPRODUCT(D8:D9,E8:E9)*B5
```

मंदीचा तोच महिना या शीटमध्ये टाकला, तर ब्रॅकेट ४२ वर आणि स्टँड १८९ वरच राहतो. नगांवर २,१०,००० आणि ९४,५०० मिळून ३,०४,५०० बसतात. न वाटले गेलेले ओव्हरहेड ६०,००० आणि रिकामी मजुरी ३२,५०० वेगळी दिसते. तिन्हींची बेरीज ३,९७,००० होते आणि ती खतावणीशी जुळते. मालकाला पूर्वी ब्रॅकेट महागला एवढेच कळत होते. आता त्या महिन्यात ९२,५०० रिकाम्या मशीन आणि रिकाम्या हातांवर गेले हे कळते. भाव ठरवणे आणि ऑर्डर मिळवणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे आकडेही आता वेगळे झाले. तीन रकमा मिळवूनही काही फरक उरला, तर तो माल किंवा चल ओव्हरहेडमध्ये शोधावा. बहुतेक वेळा सुरुवातीचा किंवा अखेरचा साठा मोजायचा राहिलेला असतो.

एवढे केल्यावर खर्चाची उसळी थांबते, पण दोन वस्तूंमधली वाटणी योग्य आहे की नाही हा प्रश्न शिल्लक राहतो. अनेक शीटमध्ये ओव्हरहेड मजूर-तासांवर वाटलेले असते, कारण हजेरीपुस्तकामुळे ते तास हाताशी असतात. आपल्या कारखान्यात तसे केले तर १,५०,००० भागिले ७५०, म्हणजे तासाला २०० पडतात. ब्रॅकेटवर १० आणि स्टँडवर ७० बसतात. ब्रॅकेट ३७ ला आणि स्टँड २२९ ला पडतो. एकूण बेरीज यातही ५,२५,००० च येते, त्यामुळे जुळणीची चाचणी ही चूक पकडू शकत नाही.

स्टँडला २२५ मिळत असतील तर मजूर-तासांच्या शीटप्रमाणे प्रत्येक स्टँडवर ४ चा तोटा दिसतो आणि मालकाच्या मनात तो बंद करण्याचा विचार येतो. स्टँड बंद केला तर भाडे आणि घसारा कमी होत नाहीत. ८,००० ब्रॅकेट तेवढेच राहिले, तर १,५०,००० त्यांच्यावरच वाटावे लागतात, नगाला १८.७५ पडतात आणि ब्रॅकेटचा खर्च ४५.७५ होतो, तर भाव ४५ आहे. स्टँडच्या २२५ मधून माल, मजुरी आणि चल ओव्हरहेड मिळून १५९ वजा केले की ६६ उरत होते आणि महिन्याला ६६,००० चा हातभार लागत होता, तो थांबला. जोडणीचे कामगार कमी करता आले नाहीत तर नुकसान याहूनही मोठे होईल.

म्हणून वाटणीचा आधार निवडताना एकच प्रश्न विचारावा: या खर्चातला मोठा भाग कशामुळे निर्माण होतो? इथे घसारा, देखभाल आणि बरीचशी जागा प्रेसमुळे आहे, म्हणून मशीन-तास योग्य ठरतात. सुपरवायझरचा अर्धा वेळ जोडणीच्या टेबलाशी जात असेल, तर त्याचा तेवढा पगार वेगळा काढून मजूर-तासांवर वाटावा, म्हणजे दोन गट होतील. लहान कारखान्यात दोनाच्या, फार तर तीन गटांच्या पुढे जाऊ नये असे मला वाटते. आठ-दहा गट केले की दर महिन्याला तास नोंदवणाऱ्याला कंटाळा येतो, नोंदी अंदाजाने भरल्या जातात आणि अचूकतेसाठी केलेली मांडणीच अचूकता घालवते.

B2 मध्ये काय घ्यायचे याबद्दल थोडक्यात. विक्रीचा खर्च, माल पोहोचवण्याचे भाडे आणि उत्पादनाशी संबंध नसलेला कार्यालयीन खर्च त्यात येत नाही. भाव ठरवताना तो खर्चाच्या वर वेगळा धरावा. कर्जाचे व्याजही सहसा बाहेरच राहते. हे सगळे आत टाकले तर साठ्याची किंमत फुगते आणि न विकलेल्या मालात विक्रीखर्च दडून बसतो.

या शीटची एक मर्यादा छोट्या ऑर्डरमध्ये उघडी पडते. डाय बदलायला एक तास लागतो आणि मशीन-तासाचा पूर्ण दर ३४० आहे असे धरू. २,००० नगांच्या लॉटमध्ये तो नगाला ०.१७ पडतो, ५० नगांच्या लॉटमध्ये ६.८०. ब्रॅकेटवर सुटतात अवघे ३, म्हणजे पन्नास नगांची ऑर्डर ४५ ला घेतली तर तोटा होतो आणि वरचे सूत्र ते दाखवत नाही. त्यासाठी लॉटप्रमाणे डाय बदलण्याचा खर्च वेगळ्या स्तंभात मिळवता येतो. पण तसे करताना B3 बदलावा लागतो: डाय बदलण्याचे तास आपण ६०० मधून आधीच वजा केले होते, म्हणजे त्यांचा खर्च तासाच्या ३०० मध्ये मिसळलेला आहे. वजा केलेल्या १०० तासांपैकी ६० डाय बदलण्याचे असतील, तर B3 मध्ये ५६० लिहावेत आणि दुसऱ्या तपासणी सूत्रात त्या महिन्यात डाय बदलण्यासाठी प्रत्यक्ष गेलेले तासही मोजावेत. ते न करता नवा स्तंभ जोडला, तर तोच खर्च दोनदा बसतो, आणि भरगच्च महिन्यातच खतावणीपेक्षा शीटची बेरीज जास्त येऊ लागते.